फट अर्ध्या मिलिमीटरची, तरी केबल तिथूनच का जाते?

प्रश्न: ११ केव्हीच्या एक्सएलपीई, म्हणजे क्रॉसलिंक्ड पॉलिएथिलीनच्या केबलमध्ये इन्सुलेशनच्या आत जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची हवेची फट राहिली, तर बिघाड नेमका तिथूनच का सुरू होतो? बाकीचं तीन मिलिमीटर एक्सएलपीई शाबूत असतं आणि तेवढं एकटंच सगळं व्होल्टेज सहज पेलेल. इन्सुलेशनचा रोध मोजणारा मेगरही छान येतो. मग अडतं कुठे? आणि जॉइंट करताना अशा फटीत ग्रीस भरलं तर भागेल का?

उत्तर:

उरलेलं तीन मिलिमीटर एक्सएलपीई सगळं व्होल्टेज पेलतं, हे खरंच आहे. म्हणून तर अशी केबल चार्ज केल्या केल्या उडत नाही. ती महिन्यांनी किंवा वर्षांनी उडते. मधल्या काळात त्या फटीत दर सेकंदाला शेकडो वेळा बारीक ठिणगी पडत असते आणि प्रत्येक ठिणगी शाबूत एक्सएलपीईच्या भिंतीचा कणभर तुकडा खाते. इन्सुलेशन एका झटक्यात फुटत नाही, ते आतून पोखरलं जातं. तेव्हा समजून घ्यायचं ते इतकंच की ठिणगी मुळात पडतेच का, आणि इतकी क्षुल्लक ठिणगी एवढ्या दणकट मालाला भोक कसं पाडते.

पहिल्यापासून सुरू करू. कंडक्टरकडून बाहेरच्या स्क्रीनकडे जाताना वाटेत आधी एक्सएलपीई आणि मग हवा असे थर एकामागे एक आले, की व्होल्टेज त्यांच्यात जाडीच्या प्रमाणात वाटलं जात नाही. हे थर म्हणजे सिरीजमध्ये जोडलेले कपॅसिटर आहेत. सिरीजमध्ये सगळ्यांवर चार्ज सारखाच असतो, त्यामुळे ज्याची कपॅसिटी कमी त्याच्या वाट्याला व्होल्टेज जास्त. थराची कपॅसिटी ज्यावर ठरते ती पर्मिटिव्हिटी हवेची १ आणि एक्सएलपीईची साधारण २.३. ताण म्हणजे दर मिलिमीटरला येणारं व्होल्टेज. तेव्हा ताणाला आडवी पसरलेली पातळ फट असेल, तर फटीतल्या हवेवरचा ताण शेजारच्या एक्सएलपीईवरच्या ताणाच्या २.३ पट होतो. आता दोघांची ताकद बघा. चांगलं एक्सएलपीई छोट्या नमुन्यात मिलिमीटरला काहीशे केव्ही सहन करतं. हवेची ताकद त्याच्या पासंगालाही पुरत नाही. दुबळ्या मालावर जास्त ताण आणि दणकट मालावर कमी, अशी ही उलटी वाटणी आहे. सगळ्या प्रकरणाचं मूळ यातच आहे.

आकडे घालून बघू. ६.३५/११ केव्हीची, १८५ चौरस मिलिमीटर कंडक्टरची केबल घ्या. आपल्याकडच्या मानकानुसार इन्सुलेशनची जाडी ३.६ मिमी. फेज ते अर्थ ६.३५ केव्ही, म्हणजे पीक साधारण ९ केव्ही. ठिणगीला आरएमएस कळत नाही, तिला पीकच लागतं, म्हणून फटीच्या हिशेबातले पुढचे सगळे आकडे पीकचे. कंडक्टरवरच्या सेमीकॉन, म्हणजे अर्धवाहक थराची त्रिज्या ८.७ मिमीच्या आसपास धरली, तर त्याला लागून एक्सएलपीईवरचा ताण जवळजवळ ३ केव्ही प्रति मिमी येतो. बाहेरच्या बाजूला तो सव्वादोनच्याही खाली जातो, कारण गोल केबलमध्ये आतल्या अंगाला ताण नेहमी जास्त. आता समजा या आतल्या अंगालाच अर्धा मिमी जाडीची आणि पाच मिमी रुंदीची चपटी फट आहे. आदर्श हिशेबाने तीनला २.३ ने गुणायला हवं. पण फट अनंत रुंद नसते, तिच्या कडा ताण ओढून घेतात. शिवाय फटीने स्वतःच व्होल्टेजचा मोठा वाटा घेतल्याने उरलेल्या एक्सएलपीईवरचा ताण थोडा उतरतो. हे सगळं धरून फटीतला ताण साडेपाच ते सहा केव्ही प्रति मिमी येतो, म्हणजे फटीच्या दोन भिंतींमध्ये पावणेतीन ते तीन केव्ही.

हवा ३ केव्ही प्रति मिमीला फुटते हे पाठ झालेलं वाक्य इथे उपयोगाचं नाही. तो आकडा सेंटिमीटरभर अंतराचा आहे. अंतर कमी होत जातं तशी हवा दर मिलिमीटरला जास्त ताण सहन करते, कारण धावणाऱ्या इलेक्ट्रॉनला वाटेत धडका मारून नवे इलेक्ट्रॉन उडवायला पुरेशी लांबीच मिळत नाही. अर्ध्या मिलिमीटरला हवा फुटायला साधारण २.६ केव्ही लागतात, म्हणजे पाचच्या थोडं वर केव्ही प्रति मिमी. आपल्या फटीवर पावणेतीन ते तीन आहेत. म्हणजे ही केबल नुसत्या कामाच्या व्होल्टेजवर, कुठलंही ओव्हरव्होल्टेज नसताना, आतून ठिणग्या टाकणार.

यातूनच दिसेल की फट जितकी पातळ तितकी ती जास्त बिनधोक. एक दशांश मिमीची फट फुटायला साडेआठ केव्ही प्रति मिमी लागतात आणि या केबलमध्ये तेवढा ताण कुठेच नाही. आणखी बारीक, सातआठ मायक्रॉनला आलो की हवेचा तळ लागतो. फटीवर साधारण ३३० व्होल्टच्या खाली काहीही केलं तरी हवेत ठिणगी पडत नाही. अंतर त्याहूनही कमी केलं की लागणारं व्होल्टेज पुन्हा वाढतं. म्हणून ११ केव्हीच्या केबलमधल्या मायक्रॉनच्या मापाच्या पोकळ्यांची मी ठिणगीपुरती तरी काळजी करत नाही. २२० किंवा ४०० केव्हीच्या केबलमध्ये गणित वेगळं आहे. तिथे एक्सएलपीईवरचा ताणच इतका जास्त ठेवलेला असतो की तीसचाळीस मायक्रॉनची पोकळीही पेटते. म्हणून त्या केबलच्या कारखान्यात स्वच्छतेचा जो सोवळेपणा पाळतात, तो ११ केव्हीवाल्याला अतिरेकी वाटतो.

जाडीइतकाच, किंबहुना जास्तच, महत्त्वाचा आहे आकार. तीच हवा गोल बुडबुड्याच्या रूपात असेल, तर एक्सएलपीईमधल्या त्या बुडबुड्यात ताण जेमतेम सव्वापट होतो. वरच्या केबलमध्ये अर्धा मिमी व्यासाचा गोल बुडबुडा साडेतीन ते पावणेचार केव्ही प्रति मिमीवर राहील आणि गप्प बसेल. हवा ताणाच्या दिशेने उभ्या सुईसारख्या नळीत असेल तर ताण वाढतच नाही, फक्त अशी नळी लांब असल्यामुळे तिची हवा कमी ताणाला फुटते. सगळ्यात वाईट म्हणजे ताणाला आडवी पसरलेली चपटी फट. दुर्दैवाने प्रत्यक्षात तयार होणाऱ्या फटी बहुतेक अशाच असतात. सेमीकॉन थर एक्सएलपीईपासून सुटतो, जॉइंटची ट्यूब इन्सुलेशनवर नीट बसत नाही, कास्ट रेझिनच्या करंट ट्रान्सफॉर्मरमध्ये इपॉक्सी सेट होताना आकसून तांब्यापासून सुटतं. सुटणं म्हटलं की ते पृष्ठभागाला समांतर, म्हणजेच ताणाला आडवंच. इपॉक्सीची पर्मिटिव्हिटी चारच्या आसपास, त्यामुळे तिथे चपट्या फटीतला ताण चौपटीच्या जवळ जातो. जास्त पर्मिटिव्हिटी म्हणजे चांगलं इन्सुलेशन, असा एक समज आहे. हवा अडकण्याची शक्यता असेल तिथे तो थेट अंगाशी येतो.

आता एक अशी गोष्ट जी चाचणी घेणाऱ्यालाही बरेचदा चकवते. पुरेसं व्होल्टेज मिळालं की ठिणगी पडतेच असं नाही. सुरुवात करायला फटीत एक तरी मोकळा इलेक्ट्रॉन लागतो आणि तो योग्य क्षणी, म्हणजे व्होल्टेज पीकजवळ असताना लागतो. कोऱ्या फटीत तो येतो बाहेरच्या नैसर्गिक किरणांमुळे. जमिनीजवळच्या उघड्या हवेत दर घनसेंटिमीटरला सेकंदाला फार तर दहाएक आयनजोड्या तयार होतात. आपल्या फटीत हवा आहे घनसेंटिमीटरचा शंभरावा भाग. म्हणजे दहा सेकंदांत एखादा इलेक्ट्रॉन, आणि त्यातलेही बरेचसे भलत्या क्षणी वाया जाणारे. पहिल्या ठिणगीसाठी मिनिटभर किंवा जास्त वाट बघावी लागली तर नवल नाही, आणि फट छोटी असेल तर त्याहून कितीतरी जास्त. म्हणून नव्या केबलवर व्होल्टेज चढवलं, दहा सेकंद मीटरकडे पाहिलं, काही दिसलं नाही आणि पास केली, यात बारीक धोका आहे. एकदा पहिली ठिणगी पडली की मात्र ही वाट संपते. भिंतींवर इलेक्ट्रॉन साचलेले असतात, पुढच्या ठिणगीला ते घरचेच मिळतात.

या साचलेल्या चार्जमुळेच एसीमध्ये पुढचा प्रकार घडतो. ठिणगी म्हणजे फटीतून चार्जची उडी. पण चार्ज एक्सएलपीईमधून पुढे जाऊ शकत नाही, तो समोरच्या भिंतीवर जाऊन बसतो आणि मूळ ताणाच्या उलट ताण तयार करतो. फटीतलं व्होल्टेज क्षणात कोसळतं आणि ठिणगी विझते. इथे डीसी असता तर गोष्ट जवळपास संपली असती. भिंतीवरचा चार्ज एक्सएलपीईमधून पाझरून जाईपर्यंत दुसरी ठिणगी नाही, आणि एक्सएलपीई इतकं चांगलं इन्सुलेटर आहे की त्याला अनेक मिनिटं, कधी तासही लागतात. पण एसीमध्ये दहा मिलिसेकंदांनी व्होल्टेज उलटतं. मघाशी विरोधात असलेला तोच चार्ज आता मदतीला येतो आणि ठिणगी पीकची वाटही न बघता, व्होल्टेज शून्याकडून चढत असतानाच पडते. आपल्या फटीवर एका पीकपासून दुसऱ्या पीकपर्यंत साडेपाच ते सहा केव्हीची झेप होते आणि दर २.६ केव्हीला एक ठिणगी. म्हणजे अर्ध्या सायकलला दोन, पूर्ण सायकलला चार, सेकंदाला दोनशे. दिवसाचा हिशेब केला तर पावणेदोन कोटींच्या आसपास.

प्रत्येक ठिणगीत ऊर्जा किती? पूर्ण फट एका दमात रिकामी झाली असं धरलं तरी दीड मायक्रोज्यूलच्या आसपास. सेकंदाला दोनशे, म्हणजे वॅटच्या हजाराव्या भागाचाही तिसरा हिस्सा. हात लावून गरम लागणं सोडाच, थर्मल कॅमेऱ्यालाही ते केबलच्या आत दिसणार नाही. म्हणून ‘फट तापून इन्सुलेशन वितळतं’ हे जे स्पष्टीकरण ऐकायला मिळतं ते मी मानत नाही. नुकसान सरासरी उष्णतेने होत नाही. ते होतं कारण ठिणगी भिंतीवर एका ठिपक्याएवढ्या जागी आदळते. तिथे वेगवान इलेक्ट्रॉन आणि आयन पॉलिमरची साखळी तोडतात, अतिनील प्रकाश पडतो, अडकलेल्या हवेतून ओझोन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. ओलावा असेल तर नायट्रिक आम्ल. पॉलिएथिलीनच्या भिंतीवर काही काळाने ऑक्झॅलिक आम्लाचे स्फटिकही उगवतात. हे स्फटिक म्हणजे गुळगुळीत भिंतीवर आलेली टोकं. आतापर्यंत ठिणग्या पाच मिमीच्या भिंतीवर इकडे तिकडे विखुरलेल्या पडत होत्या, आता त्या टोकांपाशीच वारंवार पडू लागतात. झीज एका जागी गोळा होते आणि तिथे खड्डा पडतो.

इथून प्रकरण दुसऱ्या टप्प्यात जातं. भिंत सपाट होती तोवर एक्सएलपीईवरचा ताण ३ केव्ही प्रति मिमी होता, त्याच्या ताकदीच्या मानाने काहीच नाही. पण अरुंद, खोल खड्ड्याच्या तळाशी, जिथे वक्रता काही मायक्रॉनची असते, ताण स्थानिक पातळीवर शेकडो केव्ही प्रति मिमीपर्यंत चढू शकतो. आता खुद्द एक्सएलपीईचीच ताकद संपते, पण फक्त त्या टोकाशी, काही मायक्रॉनपुरती. तिथे एक केसाएवढी पोकळ नळी तयार होते, तिच्यात ठिणगी पडते, तिच्या टोकाशी पुन्हा तोच ताण, पुन्हा पुढची नळी, मध्येच फांदी. याला इलेक्ट्रिकल ट्री म्हणतात आणि पारदर्शक नमुन्यात सूक्ष्मदर्शकाखाली ते खरोखर पानं गळालेल्या झाडासारखं दिसतं. फट ते खड्डा या प्रवासाला वर्षं लागू शकतात. झाड सुरू झाल्यावर मात्र उरलेलं तीन मिमी अंतर त्या मानाने फार लवकर कापलं जातं. फांदी पलीकडच्या स्क्रीनला टेकली की फॉल्ट करंट त्या नळीतून जातो, आणि नंतर तुमच्या हातात येतं ते जळलेलं भोक. मूळ फट त्यात जळून गेलेली असते, त्यामुळे ‘केबल कशामुळे गेली’ हे फुटलेल्या जागेवरून सांगणं फार अवघड असतं. बघायचं असेल तर त्याच जॉइंटच्या शाबूत राहिलेल्या दोन फेज उघडून बघाव्यात. तिथे तोच दोष अर्ध्या वाटेवर सापडण्याची शक्यता जास्त.

आता मेगरचं. मेगर डीसीवर प्रवाह मोजतो. फट एक्सएलपीईच्या सिरीजमध्ये आहे, तिच्यामुळे रोध कमी होण्याचं कारणच नाही. फट आहे म्हणून मेगर वाईट येत नाही, आणि झाड पलीकडे पोहोचेपर्यंत येणारही नाही. ५ केव्हीचा मेगर लावला तरी आपल्या फटीवर सुरुवातीला दीड केव्हीच्या आसपासच येतात, म्हणजे ठिणगी पेटवायलाही ते अपुरं. डीसी हायपॉटने, म्हणजे चढ्या व्होल्टेजच्या चाचणीने, व्होल्टेज वाढवता येईल, पण वर सांगितल्याप्रमाणे एक ठिणगी पडून भिंतीवर चार्ज बसेल आणि फट गप्प होईल. चाचणी पास. शिवाय डीसीने एक्सएलपीईमध्ये मागे राहिलेला चार्ज केबल पुन्हा एसीवर घेतल्यावर त्रास देतो, म्हणून जुन्या एक्सएलपीई केबलवर डीसी हायपॉट मी टाळतो.

फट शोधायची तर पार्शल डिस्चार्ज, म्हणजे या आतल्या ठिणग्यांतून उडणारा चार्जच, मोजायला हवा, एसीवर. आपल्या फटीत प्रत्यक्ष उडणारा चार्ज बाराशे पिकोकुलोमच्या घरात जाईल, पण बाहेर मीटरला त्याचा साधारण चौथा हिस्सा दिसेल, कारण फट आणि बाहेरचं जग यांच्यामध्ये एक्सएलपीईचा छोटा कपॅसिटर आहे. शिवाय एक ठिणगी बहुधा अख्खी फट रिकामी करत नाही, त्यामुळे वाचन काही दहा ते काहीशे पिकोकुलोम असं येतं. यातला धडा असा की मीटरवरचा आकडा म्हणजे नुकसानाचं माप नव्हे. मोठ्या फटीचे तीनशे पिकोकुलोम विखुरलेले असतील आणि खोल खड्ड्यातले वीस पिकोकुलोम एकाच टोकावर पडत असतील. मला वीसचीच जास्त भीती वाटते.

कारखान्यातल्या चाचणीची पद्धत या सगळ्याशी जुळवून बघा. आयईसीच्या मानकात मध्यम व्होल्टेजच्या केबलला आधी फेज व्होल्टेजच्या दुप्पट, म्हणजे आपल्या केबलला १२.७ केव्ही, दहा सेकंद देतात आणि मग हळूहळू १.७३ पटीवर, ११ केव्हीवर, उतरून मोजतात. १० पिकोकुलोम किंवा त्याहून चांगली संवेदनशीलता असलेल्या मीटरवर काही दिसता कामा नये. वर जाऊन खाली का यायचं? कारण ठिणग्या सुरू होण्याचं व्होल्टेज आणि विझण्याचं व्होल्टेज वेगळं असतं. भिंतीवरचा चार्ज मदतीला असल्यामुळे पेटलेली फट कमी व्होल्टेजवरही चालू राहते. कागदावर हे विझण्याचं व्होल्टेज सुरू होण्याच्या निम्म्यावर येऊ शकतं, प्रत्यक्षात थोडा चार्ज पाझरतो म्हणून फरक इतका पडत नाही. साइटवर याचा अर्थ काय ते बघा. कारखान्यातल्या रेझिस्टन्स अर्थिंगच्या सिस्टीममध्ये एका फेजला अर्थ फॉल्ट झाला की बाकीच्या दोन फेजवर अर्थपर्यंत लाइन व्होल्टेज येतं. काही सेकंदांचा हा झटका झोपलेली फट जागी करतो. फॉल्ट निघून जातो, व्होल्टेज पूर्ववत होतं. पण फटीचं विझण्याचं व्होल्टेज कामाच्या व्होल्टेजच्या खाली असेल तर ती पुन्हा झोपत नाही. म्हणून कमिशनिंगच्या वेळी मी दोन्ही आकडे लिहून घ्यायला लावतो, आणि विझण्याचा आकडा कामाच्या व्होल्टेजच्या चांगला वर नसेल तर जॉइंट पुन्हा करायला सांगतो. सुरू होण्याचा आकडा कितीही सुंदर असो.

जागा कशी सापडते तेही थोडक्यात. ठिणगीची पल्स दोन्ही दिशांना धावते, एक्सएलपीई केबलमध्ये मायक्रोसेकंदाला साधारण १६५ मीटर. जवळच्या टोकाला आधी सरळ आलेली पल्स मिळते, मग दूरच्या टोकाला आपटून परत आलेली. समजा ६०० मीटर केबल आहे आणि दोन पल्समध्ये ४ मायक्रोसेकंदांचं अंतर आहे. दुसरी पल्स दोष ते दूरचं टोक हे अंतर दोनदा जास्त चालली, म्हणून दोष दूरच्या टोकापासून ३३० मीटरवर. रूटच्या नकाशात तिथे जॉइंट असेल, आणि बहुतेक वेळा असतोच, तर खणायला लागा. केबल लांब असेल तर पल्स वाटेत पसरट होत जाते आणि हा अंदाज ढोबळ होतो.

जॉइंट उघडल्यावर नजर लावायची ती सेमीकॉनच्या कापलेल्या कडेवर. बाहेरचा सेमीकॉन थर अर्धा ते पाऊण मिमी जाडीचा असतो आणि तो जिथे संपतो तिथे तेवढ्याच उंचीची पायरी तयार होते. वरून चढवलेली ट्यूब पायरीवरून खाली उतरताना कोपऱ्यात एक बारीक, गोलाकार, त्रिकोणी छेदाची हवेची अंगठी ठेवते. हीच जागा अशी आहे की स्क्रीन संपल्यामुळे ताण आधीच एकवटलेला असतो. त्यातच जॉइंटरने सेमीकॉन सोलताना सुरी खोल घातली असेल तर एक्सएलपीईवर सगळीकडून फिरलेली चीर असते. ही चीर ताणाच्या दिशेने आत गेलेली असते, आणि झाडाला लागणारा खड्डा तिथे आयताच तयार मिळतो. उघडलेल्या जॉइंटमध्ये या कडेला लागून एक्सएलपीईची चकाकी गेलेली, खरखरीत पट्टी आणि तिच्यात टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके दिसले, तर वेगळा पुरावा लागत नाही.

मग ग्रीस. ग्रीसने फायदा होतो, कारण त्याची पर्मिटिव्हिटी एक्सएलपीईच्या जवळपास असते आणि त्याची ताकद हवेपेक्षा पुष्कळ जास्त. जुन्या तेल-कागदाच्या केबलमध्ये हाच विचार होता. भार बदलला की तेल आकसून कागदात पोकळ्या पडत आणि केबल आतून ठिणग्या टाकत. पिरेली या इटालियन कंपनीच्या इमॅन्युएली यांनी पातळ तेल दाबाखाली सतत आत भरत ठेवण्याची केबल काढली, आणि १९२७ मध्ये न्यूयॉर्क आणि शिकागोमध्ये १३२ केव्हीच्या अशा केबल टाकल्या गेल्या. पण तुमच्या जॉइंटमध्ये ग्रीसला मागून ढकलणारी टाकी नाही. ते गरम झाल्यावर सरकतं, काही ट्यूब त्याला शोषतात, आणि काही वर्षांनी ती अंगठी पुन्हा हवेची होते. म्हणून ग्रीस ट्यूब सरकवण्यापुरतं आणि खरखरीत पृष्ठभागाच्या बारीक खाचा भरण्यापुरतं वापरा. तेही किटमध्ये दिलेलंच, कारण भलतंच ग्रीस रबर फुगवतं.

पायरीसाठी किटमध्ये पिवळ्या किंवा काळ्या मॅस्टिकची पट्टी असते. तिची पर्मिटिव्हिटी मुद्दाम दहाच्या पुढे ठेवलेली असते. सुरुवातीचा नियम इथे उलटा कामी येतो. एक्सएलपीईची २.३ आणि मॅस्टिकची दहा, म्हणजे मॅस्टिकवरचा ताण शेजारच्या एक्सएलपीईच्या चौथ्या हिश्श्यापेक्षाही कमी. पण पट्टीखाली हवा राहिली, तर त्या हवेवर एक्सएलपीईच्या २.३ पट ताण जसाच्या तसा राहतो, वर मॅस्टिक आहे की नाही याने त्याला फरक पडत नाही. म्हणून सेमीकॉनची कड आधी तासून उतरती करा, ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या पेपरने घासा. काळा एमरी पेपर नको, त्याचे कण अर्धवाहक असतात. सॉल्व्हंटचा फडका एक्सएलपीईकडून सेमीकॉनकडेच फिरवा, उलट फिरवला तर कार्बन एक्सएलपीईवर येतो. मग मॅस्टिक निम्म्या रुंदीचं होईपर्यंत ताणून, सेमीकॉनवर आणि एक्सएलपीईवर दोन्हीकडे सेंटिमीटरभर घेत, पायरीच्या कोपऱ्यात अंगठ्याने दाबत गुंडाळा, आणि ट्यूब आकसवताना ज्योत त्या पायरीपासून बाहेरच्या दिशेने न्या, म्हणजे हवा पुढे ढकलली जाऊन बाहेर पडेल.